कर लागला, मग पुरवठाच का सरकवला? कांद्याच्या एका आकृतीचे प्रकरण

बारावी अर्थशास्त्राच्या सरावासाठी दिलेला प्रश्न दोन ओळींचा होता. २०२३ च्या मार्च-एप्रिलमधल्या अवकाळी पावसाने आणि गारपिटीने नाशिक भागातला उन्हाळी कांदा खराब झाला. पुढे १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. या दोन्ही घटनांचा लासलगावच्या भावावर काय परिणाम होईल, ते आकृती काढून स्पष्ट करा.

विद्यार्थिनीने एकच आकृती काढली. पावसामुळे पुरवठा वक्र डावीकडे सरकवला, भाव वाढला. भाव वाढल्याने लोक कमी कांदा घेतील म्हणून मागणी वक्रही डावीकडे सरकवला. मग शुल्कासाठी पुरवठा वक्र आणखी एकदा डावीकडे. शेवटी कागदावर पाच रेघा, सात बाण आणि खाली एक वाक्य: “कर वाढल्यामुळे पुरवठ्यात ऱ्हास झाला व किंमत वाढली.”

शुल्क लागल्यावर मात्र नाशिकमधले शेतकरी भाव पडणार म्हणून रस्त्यावर आले होते, लिलाव बंद पडले होते. भाव वाढणार असता तर कोण कशाला रस्त्यावर येईल? आकृती जे सांगते त्याच्या नेमके उलट बाजारात घडत होते, आणि तरीही आकृतीतली प्रत्येक रेघ पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या वाक्यावर बोट ठेवून समर्थन करता येईल अशी होती. “सरकारी धोरण: कर वाढल्यास पुरवठा घटतो” हे वाक्य पुस्तकात असतेच. म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे.

आधी आकडे, मग रेघा

हवेत काढलेल्या रेघा कुठेही सरकतात. म्हणून पहिले काम म्हणजे पत्रक मांडणे. खालचे आकडे सरावासाठी घेतलेले आहेत, बाजार समितीच्या नोंदी नव्हेत. भाव रुपये प्रतिक्विंटल, नग एका दिवसाचे, हजार क्विंटलमध्ये. पुरवठा पावसाआधीचा आहे.

| भाव | देशातले व्यापारी | निर्यातदार | एकूण मागणी | पुरवठा |
|---|---|---|---|---|
| १,५०० | १६ | ८ | २४ | १८ |
| १,८०० | १४ | ७ | २१ | २१ |
| २,१०० | १२ | ६ | १८ | २४ |
| २,४०० | १० | ५ | १५ | २७ |
| २,७०० | ८ | ४ | १२ | ३० |

आलेख कागदावर क्ष अक्षावर १ सेंमी म्हणजे २ हजार क्विंटल घ्यावे. य अक्षावर २ सेंमी म्हणजे ३०० रुपये, आणि सुरुवात १,२०० पासून, तळाशी नागमोडी खूण करून. समतोल १,८०० भाव आणि २१ हजार क्विंटल इथे पडतो.

मागणीचे दोन रकाने वेगळे ठेवले आहेत ते उगाच नाही. लासलगावच्या लिलावात बोली लावणारा माणूस मुंबई-दिल्लीसाठी माल भरतो की दुबई-कोलंबोसाठी, यावरच पुढचे सगळे उत्तर ठरते. प्रश्नात ‘मागणी’ हा एकच शब्द होता, आणि विद्यार्थिनीच्या डोळ्यांपुढे मागणी म्हणजे किलोभर कांदा घेणारी गृहिणी होती. गृहिणी लासलगावच्या लिलावात उभी नसते.

पहिला कागद: फक्त पाऊस

प्रत्येक कारणासाठी नवा कागद, आणि त्या कागदावर फक्त एकच वक्र हलवायचा. जुना वक्र खोडायचा नाही, तुटक रेघेने ठेवायचा. पेन्सिल उचलण्याआधी एक वाक्य लिहायचे, आणि त्या वाक्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: कोण, का, आणि ‘त्याच भावाला’ पूर्वी किती व आता किती.

विद्यार्थिनीचे पावसाचे वाक्य तिसऱ्या प्रयत्नात असे झाले: “भिजलेला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही, बराच सडला, म्हणून शेतकरी २,१०० या त्याच भावाला पूर्वी २४ हजार क्विंटल आणत होता, आता १८ हजारच आणू शकतो.” वाक्य उभे राहिले. म्हणजे वक्र सरकणार.

आता पट्टी २,१०० च्या आडव्या रेघेवर ठेवून २४ पासून डावीकडे ३ सेंमी मोजायचे. तसेच १,८०० ला, तसेच २,४०० ला. बिंदू जोडले की नवा पुरवठा वक्र तयार होतो. हे आडवे मोजणे कंटाळवाणे वाटते, पण पुरवठ्याच्या आकृतीतली सगळ्यात जुनी चूक इथेच सापडते. ‘पुरवठा घटला’ म्हटले की हात आपोआप रेघ खाली ओढतो. पुरवठा वक्र खाली ओढला की तो उजवीकडे गेलेला असतो, म्हणजे पुरवठा वाढलेला असतो. मागणी वक्राच्या बाबतीत खाली आणि डावीकडे एकच निघते, म्हणून तिथे ही सवय पकडली जात नाही. पुरवठ्यात ती पूर्ण उलटे उत्तर देते. बाण नेहमी आडवे काढावेत, उभे नाहीत.

नवा समतोल २,१०० भाव, १८ हजार क्विंटल. पण तिथे थेट उडी मारायची नाही. जुन्या भावावर, म्हणजे १,८०० वर, थांबून बघायचे. तिथे मागणी २१, पुरवठा १५. सहा हजार क्विंटलची टंचाई. व्यापारी बोली चढवतात. भाव २,१०० कडे जाताना मागणी २१ वरून १८ वर येते आणि पुरवठा १५ वरून १८ वर जातो. तीन हजार इकडून, तीन हजार तिकडून, टंचाई मिटली.

विद्यार्थिनीची दुसरी रेघ, मागणी वक्र डावीकडे सरकवणारी, इथे गळून पडते. तिचे वाक्य लिहून पाहिले: “भाव वाढला म्हणून व्यापारी त्याच भावाला कमी कांदा घेतो.” भाव वाढला आणि तरी त्याच भावाला? वाक्य स्वतःच मोडते. भावामुळे कमी घेणे हा मागणीचा संकोच, ते त्याच वक्रावर वर सरकणे आहे. मागणीतला ऱ्हास वेगळा, त्यासाठी भावाखेरीज दुसरे कारण लागते. पुस्तकात हे दोन शब्द समोरासमोर दिलेले असतात आणि पाठही होतात, पण विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यांतला फरक पाठांतराने हातात उतरत नाही. ‘त्याच भावाला’ हे दोन शब्द वाक्यात घुसवून बघितले की उतरतो.

तिची एक शंका रास्त होती. पुरवठा घटला म्हणता, मग १५ वरून १८ वर वाढला कसा? उत्तर कागदावरच आहे. पावसाने वक्र सरकला तेव्हा २१ चे १५ झाले, हा पुरवठ्यातला ऱ्हास. मग भाव चढला म्हणून त्याच नव्या वक्रावर १५ चे १८ झाले, हा विस्तार. चाळीतला जो कांदा १,८०० ला बाहेर काढावासा वाटत नव्हता तो २,१०० ला काढला. नवा कांदा उगवला नाही.

दुसरा कागद: शुल्क, लासलगावात

आता पावसानंतरचा पुरवठा आणि पहिला मागणी वक्र हे मूळ धरायचे. शुल्क कोणाच्या खिशाला लागते? बंदरातून माल पाठवणाऱ्याच्या. शेतकऱ्याच्या उत्पादन खर्चात एक रुपयाही वाढत नाही. ‘कर म्हणजे पुरवठ्यात ऱ्हास’ हे वाक्य विकणाऱ्यावर प्रत्येक नगामागे कर बसतो तेव्हाचे आहे. लासलगावच्या लिलावात निर्यातदार विकणारा नाही, तो घेणारा आहे.

म्हणून वाक्य असे: “परदेशी ग्राहक शुल्कासकट तेवढीच रक्कम देणार असेल, तर निर्यातदाराला कांद्यासाठी कमी पैसे उरतात; म्हणून २,१०० या त्याच भावाला पूर्वी तो ६ हजार क्विंटल घेत होता, आता एकही घेत नाही.” सरावासाठी प्रत्येक भावाला निर्यातदाराची खरेदी ६ हजारांनी घटली असे धरू, पण शून्याच्या खाली ती जाऊ शकत नाही. तर १,५०० ला ८ ऐवजी २, १,८०० ला ७ ऐवजी १, २,१०० ला आणि त्यावर काहीच नाही.

एकूण मागणी आता १,५०० ला १८, १,८०० ला १५, २,१०० ला १२, २,४०० ला १०, २,७०० ला ८ होते. हे बिंदू जोडताना विद्यार्थिनी थांबली, कारण रेघ सरळ येईना. २,१०० पाशी तिला गुडघा आहे. हा गुडघा चूक नाही. त्याच्या वर फक्त देशातला व्यापारी उरला आहे, खाली दोघे आहेत. मागणी घटली की जुन्या वक्राला समांतर रेघ मारायची, ही सवय आकृती सुबक करते आणि कोण बाजारातून गेला ते लपवते.

जुन्या भावावर थांबा. २,१०० ला पुरवठा १८, मागणी १२. सहा हजार क्विंटल आधिक्य. ट्रॅक्टर रांगेत, बोली पुढे सरकेना. भाव उतरत १,८०० ला येतो आणि सहा हजारांचा हिशेब असा लागतो: देशातल्या व्यापाऱ्याने दोन हजार जास्त घेतले (१२ चे १४), निर्यातदार एक हजारासाठी परत आला, आणि शेतकऱ्याने तीन हजार चाळीतच ठेवले (१८ चे १५). दोन, एक, तीन. हे तीन आकडे ज्याला तीन वाक्यांत सांगता आले, त्याला ही आकृती कळली असे समजायला हरकत नाही.

पुरवठा वक्र या कागदावर जागचा हललेला नाही. शेतकरी त्यावर खाली घसरला. पुरवठ्याचा संकोच, ऱ्हास नव्हे.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. पावसाआधी भाव १,८०० होता, शुल्कानंतरही १,८०० आहे. कोणी म्हणेल, भाव पूर्वपदावर आला. पण तेव्हा २१ हजार क्विंटल विकले जात होते, आता १५. शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम त्याच प्रमाणात कमी. फक्त य अक्ष वाचणाऱ्याला हे दिसत नाही.

तिसरा कागद: तेच शुल्क, पण मुंबईत

इथे विद्यार्थिनीला एक धक्का बसतो, आणि तो बसू द्यावा. प्रश्न लासलगावच्या ऐवजी देशातल्या ग्राहकाच्या बाजाराबद्दल विचारला असता तर याच शुल्काने पुरवठा वक्र सरकला असता. तोही उजवीकडे.

कारण देशातल्या ग्राहकापर्यंत येणारा कांदा म्हणजे एकूण पुरवठ्यातून निर्यातदार नेतो ते वजा करून उरलेला. शुल्काआधी २,१०० ला १८ पैकी ६ बाहेर जात, १२ उरत. शुल्कानंतर २,१०० या त्याच भावाला सगळे १८ देशात. १,८०० ला पूर्वी ८ उरत, आता १४. पुरवठ्यात वृद्धी. मागणी वक्र गृहिणीचा, तो हललेला नाही: तिची मिळकत, बटाट्याचा भाव, आवडनिवड यांपैकी काहीही शुल्काने बदललेले नाही. नवा छेद १,८०० भाव, १४ हजार क्विंटल. पूर्वी २,१०० ला १२ होते.

वाहतूक, हमाली, नफा बाजूला ठेवले तर दोन्ही कागदांवर भाव तोच निघतो, २,१०० वरून १,८००. एका कागदावर मागणी डावीकडे, दुसऱ्यावर पुरवठा उजवीकडे, आणि दोन्ही बरोबर. म्हणून आकृतीच्या डोक्यावर ‘कांद्याचा बाजार’ एवढे लिहून भागत नाही. कुठला बाजार, घेणारे कोण, विकणारे कोण, हे तिथे लिहावे लागते. परीक्षेत त्यासाठी गुण नसतील, पण ते न लिहिल्यामुळे जाणारे गुण बरेच असतात. आमच्या मते या प्रश्नातली खरी अडचण ‘शुल्काने काय सरकते’ ही नव्हतीच. आपण कुठे उभे राहून बघतोय हे ठरवलेले नव्हते.

भीतीचा वक्र

शुल्क जाहीर झाल्यावर उद्या आणखी निर्बंध येतील अशी शंका शेतकऱ्याला येणे साहजिक होते, आणि आलेही: २८ ऑक्टोबर २०२३ ला प्रतिटन ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवण्यात आले. पुढचा भाव पडणार असे वाटले की चाळ आजच रिकामी करावीशी वाटते. वाक्य: “पुढे भाव आणखी पडेल या भीतीने शेतकरी १,८०० या त्याच भावाला १५ ऐवजी १८ हजार आणतो.” उभे राहिले. म्हणजे पुरवठाही उजवीकडे.

आता दोन वक्र हलले. इथे मात्र दुसऱ्या कागदावरच नवी रेघ वाढवायची, कारण दोन्ही बदल एकाच बाजारातले आहेत. छेद १,६५० ला, साडेसोळा हजार क्विंटलवर. भीती जास्त असेल आणि पुरवठा सहा हजारांनी सरकला, तर छेद १,५०० ला, १८ हजारांवर, म्हणजे विक्री शुल्काच्या आधी होती तेवढीच. दोन्हीत भाव उतरतो हे नक्की. नगसंख्या घटेल की वाढेल हे मात्र कुठला वक्र किती सरकला यावर. अशा वेळी उत्तरात “नगसंख्येबद्दल निश्चित सांगता येत नाही” असे लिहिणे म्हणजे पळवाट नव्हे. रेघा पुरेशा दूर ओढून नगसंख्या ठामपणे ‘घटली’ दाखवणे हीच चूक.

लिलाव बंद होते त्या दिवसांसाठी मात्र कुठलाच वक्र सरकवू नये. त्या दिवशी बाजारच नव्हता. शिवाय लिलावात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव लागतात, कारण ओला, कोंब आलेला आणि कोरडा कांदा एकच माल नव्हे. आपली आकृती एका प्रतीच्या, एका भावाच्या कांद्याची आहे. सरासरी भावाशी ती जुळवून बघता येते, कमाल भावाशी नाही.

डिसेंबरचा कागद फसतो

शेवटी विद्यार्थिनीला निर्यातबंदी लावून बघायला सांगितले. ८ डिसेंबर २०२३ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंतची बंदी जाहीर झाली होती. सोय म्हणून आधीचे शुल्क आणि भीती विसरून २,१०० भाव, १८ हजार क्विंटल इथूनच सुरुवात केली. बंदी म्हणजे निर्यातदाराचा रकाना सगळ्या भावांना शून्य. मागणी फक्त देशातल्या व्यापाऱ्याची. छेद १,७४० च्या आसपास येतो, घसरण ३६० रुपये. तिने रेघा बरोबर काढल्या, वाक्येही नीट होती. बंदीनंतर शेतकऱ्यांनी पाहिलेली पडझड याहून कितीतरी मोठी होती.

खोट मागणीत नव्हती. तिने पुरवठ्याचा वक्र ऑगस्टचा वापरला होता. ऑगस्टचा उन्हाळी कांदा चाळीत बसतो, भाव पडला की शेतकरी थांबू शकतो, म्हणून वक्र कलता. डिसेंबरला शेतातून निघतो तो खरिपाचा लाल कांदा. तो साठवणीत टिकत नाही, भाव काहीही असो, काढला की विकावाच लागतो. वाक्य लिहून बघितले: “भाव २,१०० असो की १,२००, आलेले १८ हजार क्विंटल आजच विकायचे आहेत.” हे वाक्य आकृतीत उभी रेघ होते. त्या उभ्या रेघेवर देशातल्या व्यापाऱ्याचा मागणी वक्र त्याच उताराने खाली वाढवला, तर १८ हजार क्विंटल घ्यायला तो १,२०० ला तयार होतो. घसरण ३६० ची ९०० झाली. मागणीतला ऱ्हास दोन्ही वेळा तेवढाच होता, आणि दोन्ही कागदांवर निर्यातदाराचा रकाना सारखाच रिकामा होता.